कुलूपबंद फोननं लंडनच्या गेटवर भाडं कसं भरलं?

मेघना_वॉल्थमस्टो

दीड महिन्यापूर्वी पुण्याहून लंडनला आले. रोज व्हिक्टोरिया लाइननं कामाला जाते. परवा संध्याकाळी एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात फोन आणि मागे गर्दी. फोन उघडायला वेळच नव्हता, म्हणून तसाच गेटच्या पिवळ्या गोलावर टेकवला. फोन थरथरला, स्क्रीनवर बरोबरची खूण आली आणि गेट उघडलं. मी त्याला चेहरा दाखवला नव्हता की पासकोड टाकला नव्हता.

घरी येऊन Settings मध्ये शोधलं. Wallet & Apple Pay च्या आत Express Travel Card असं काहीतरी आहे आणि तिथे माझं व्हिसा डेबिट कार्ड आधीच निवडलेलं दिसलं. मी ते निवडल्याचं मला आठवत नाही.

दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. कोपऱ्यावरच्या दुकानात हाच फोन, हेच कार्ड, आणि तिथे दरवेळी चेहरा मागतो. मग समोर स्टेशनचं गेट आहे, दुकानाचं मशीन नाही, हे फोनला कळतं कशावरून? आणि दुसरं, न विचारता पैसे देण्याची सोय असेल, तर गर्दीच्या डब्यात कुणी माझ्या पर्सजवळ मशीन आणलं तर काय होईल? नवरा म्हणतो, सरळ बंद कर. बंद करायला हरकत नाही, पण आधी कळू दे.

बापूसाहेब_कोथरूड

मेघनाताई, अभिनंदन, नवीन गावात रुळताय. आमच्या पुणे मेट्रोतही मी फोननंच जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर तिकीट काढतो, क्यूआर येतो, तो गेटच्या काचेवर धरला की दार उघडतं. त्यालाही पासवर्ड वगैरे काही लागत नाही. तेव्हा ही सोय आपल्याकडेही आहे, घाबरण्यासारखं काही नाही.

निनाद_क

सोपं आहे. फोनला जीपीएसवरून कळतं की तुम्ही स्टेशनात आहात. स्टेशनाच्या हद्दीत तो कार्डाचं कुलूप तात्पुरतं काढतो. दुकानात गेलात की पुन्हा लावतो. आणि भाडं दोन-तीन पौंडांचंच असतं, तेवढेच पैसे गेट तिथल्या तिथे कापून घेतं. रक्कम लहान म्हणून पडताळणी नाही. फास्टॅगसारखंच म्हणा ना.

गवती_चहा

मी दहा-अकरा वर्षं कार्ड वाचणाऱ्या मशीनच्या सॉफ्टवेअरवर काम करते आहे, त्यातली काही वर्षं वाहतुकीच्या गेटवर गेली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निनाद, जीपीएसचा यात संबंध नाही. जमिनीखालच्या स्टेशनात जीपीएस नीट मिळत नाही, आणि गेटवर माणूस अर्ध्या सेकंदात पुढे सरकायला हवा. तेवढ्यात फोन जागा शोधत बसू शकत नाही. ओळख पटते ती गेटनं मारलेल्या हाकेवरून.

कुठलंही कार्डाचं मशीन गप्प नसतं. ते सतत, सेकंदातून अनेकदा, आपल्या भोवतीच्या काही सेंटिमीटरच्या चुंबकीय क्षेत्रात ओरडत असतं, ‘इथे कुणी कार्ड आहे का?’ दुकानाचं मशीन फक्त एवढंच विचारतं. स्टेशनचं गेट या हाकांच्या मधे आणखी एक छोटा संदेश सोडतं. लंडनच्या गेटचा हा संदेश १५ बाइटांचा आहे आणि तो बदलत नाही. त्यात दोन गोष्टी असतात. मी प्रवासाचं गेट आहे, आणि मी अमुक शहराच्या यंत्रणेचं आहे. साध्या प्लास्टिकच्या कार्डाला हा संदेश समजत नाही, ते त्याकडे दुर्लक्ष करतं. आयफोनमधली एनएफसीची चिप मात्र तो ओळखते.

आता फोनच्या आत काय होतं ते पाहा. तुमचं कार्ड एका वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये असतं. एरवी त्या चिपला परवानगी मिळाल्याशिवाय ती कार्डाला बोलू देत नाही, आणि ती परवानगी तुमचा चेहरा किंवा पासकोड पटल्यावरच निघते. म्हणून दुकानात फोन थांबून तुमच्याकडे बघतो. तुम्ही एखादं कार्ड Express Travel Card म्हणून निवडलंत, की तुम्ही त्या एका कार्डापुरती आगाऊ परवानगी देऊन ठेवता: गेटची हाक ऐकू आली तर मला न विचारता बोल. म्हणजे तुमचा फोन उघडला गेला नाही. तो बंदच होता. त्यातलं एक कार्ड तेवढं बोललं.

बापूसाहेब, क्यूआरचं गणित वेगळं आहे. तिथे तिकिटाचे पैसे आधीच दिलेले असतात आणि गेट नुसतं चित्र वाचतं. ते चित्र दाखवायला तुम्हाला फोन उघडून स्क्रीन चालू करावी लागतेच. मेघनानं विचारलंय ते स्क्रीन काळी असताना घडतं.

निनाद_क

जीपीएसचं चुकलं, मान्य. पण पैसे तिथल्या तिथे कापले जातात ना? नाहीतर गेट उघडेल कशाच्या भरवशावर?

गवती_चहा

नाही कापले जात. लंडनमधला हाच भाग मला सगळ्यात आवडतो.

गेटवर टेकवताना गेटला तुमचं भाडंच माहीत नसतं. तुम्ही कुठे उतरणार ते त्याला कुठून कळणार? म्हणून ते कार्डाकडे शून्य रकमेचा व्यवहार मागतं. बँकेला विचारायलाही वेळ नसतो. मग गेट स्वतःच कार्डाची परीक्षा घेतं. ते एक नवा आकडा देतं, कार्ड त्यावर आपल्या गुप्त किल्लीनं सही करून परत देतं, आणि सही खरी आहे की नाही हे गेट आपल्याजवळच्या जाहीर किल्ल्यांवरून तपासतं. त्याच वेळी नाकारलेल्या कार्डांची यादी गेटकडे असते, तीत हा क्रमांक नाही ना हे पाहतं. दोन्ही ठीक असलं की दार उघडतं. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत.

दिवस संपला की मागच्या कचेरीतली यंत्रणा त्या क्रमांकाचे दिवसभरातले सगळे स्पर्श एकत्र मांडते, कुठून कुठे गेलात ते जोडते, दिवसाची कमाल मर्यादा लावते आणि मग एकदाच बँकेकडे रक्कम मागते. त्या वेळी खात्यात पैसे नसले तर तो क्रमांक नाकारलेल्यांच्या यादीत जातो आणि दुसऱ्या दिवशी गेट लाल होतं. पहिल्या फेरीचा धोका वाहतूक कंपनी पत्करते. रांग चालती राहावी म्हणून ती तेवढी किंमत मोजते.

ओंकार_क्रॉयडन

‘त्या क्रमांकाचे सगळे स्पर्श’ हे वाचून माझं जुनं कोडं सुटलं. गेल्या वर्षी सलग चार दिवस माझ्या खात्यातून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त भाडं जात होतं. कार्ड एकच. सकाळी जाताना फोन हातात असायचा म्हणून फोन टेकवायचो, उतरताना घड्याळ टेकवायचो. दोन्हीत तेच मास्टरकार्ड. शेवटी हेल्पलाइनवरच्या बाईंनी विचारलं, ‘आत आणि बाहेर एकाच वस्तूनं टेकवता ना?’ मी म्हटलं, कार्ड तर एकच आहे. त्या म्हणाल्या, एकच वस्तू वापरा. कारण मात्र मला कळलं नव्हतं.

गवती_चहा

ओंकार, कारण असं. फोनमध्ये कार्ड भरता तेव्हा कार्डावर छापलेला क्रमांक फोनमध्ये ठेवलाच जात नाही. बँकेकडून त्या फोनपुरता वेगळा क्रमांक मिळतो. घड्याळाला आणखी वेगळा. प्लास्टिकच्या कार्डाचा तिसरा. पैसे एकाच खात्यातून जातात, पण गेटच्या दृष्टीनं ही तीन वेगळी माणसं आहेत. तुमच्या बाबतीत फोन नावाचा माणूस आत गेला आणि बाहेर आलाच नाही. घड्याळ नावाचा माणूस आत न जाताच बाहेर आला. दोघांनाही अपुऱ्या प्रवासाचं कमाल भाडं लागलं.

बसमध्ये हे आणखी नकळत होतं. तिथे उतरताना टेकवायचं नसतं. बसचं भाडं ठरावीक असतं, आणि पहिल्या स्पर्शापासून तासाभरात दुसरी बस पकडली तर ती फुकट. पहिल्या बसला फोन आणि चाळीस मिनिटांनी दुसऱ्या बसला घड्याळ टेकवलंत, तर पुन्हा पूर्ण भाड्याची नोंद होते, कारण घड्याळाची ती पहिलीच बस असते. दिवसाची आणि आठवड्याची मर्यादाही प्रत्येक क्रमांकाची वेगळी मोजली जाते.

Wallet मध्ये कार्डाचा तपशील उघडलात तर फोनच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे दिसतात. घड्याळाचेही बघा आणि छापील कार्डाशी ताडून पाहा. तिन्ही वेगळे दिसतील.

शुभदा_रीडिंग

माझाही एक अनुभव, वेगळ्या बाजूचा. माझ्याकडे ऑयस्टर या लंडनच्या प्रवासी कार्डावर महिन्याचा पास आहे. मी ते कार्ड फोनच्या पाकिटासारख्या कव्हरमध्ये ठेवायचे. कव्हर टेकवलं की दार उघडायचं, म्हणून मी निश्चिंत होते. महिनाअखेर बँकेच्या पानावर प्रवासाच्या रकमा दिसल्या. पास असून! गेटनं कधी ऑयस्टर वाचलं होतं, कधी फोन. फोनला चेहरा लागत असता तर हे झालंच नसतं, तो कुलूप लावून गप्प बसला असता. आता कार्ड वेगळ्या खिशात ठेवते आणि फोनमधली ही सोय None वर ठेवली आहे.

मेघना, तुझ्याकडे पास नसेल तर तुला हा त्रास नाही. पण पर्स टेकवायची सवय लावू नकोस.

मेघना_वॉल्थमस्टो

पास नाही माझ्याकडे. घड्याळही नाही. पण हे क्रमांकाचं कळलं ते फार बरं झालं, कारण पहिल्या आठवड्यात मी कधी प्लास्टिकचं कार्ड, कधी फोन असं करत होते.

गवतीताई, तुम्ही लिहिलंत की गेटची हाक १५ बाइटांची आहे आणि ती बदलत नाही. तिथेच माझा दुसरा प्रश्न अडकलाय. जी हाक बदलत नाही ती कुणीही ऐकून ठेवू शकेल ना? आणि मग तशीच मारू शकेल?

गवती_चहा

अगदी बरोबर जागी बोट ठेवलंस. हो, मारू शकेल. त्या हाकेला कसलीही सही नाही. गेट ‘मी गेट आहे’ एवढंच म्हणतं, ते सिद्ध करत नाही, आणि फोन विश्वास ठेवतो. बर्मिंगहॅम आणि सरे या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी नेमकं हेच दाखवलं. त्यांनी ते अ‍ॅपलला २०२० मध्ये आणि व्हिसाला २०२१ मध्ये कळवलं, आणि २०२१ च्या शरद ऋतूत जाहीर केलं. स्वतःच्याच खात्यावर, प्रयोगशाळेत, कुलूपबंद आयफोनमधून त्यांनी साध्या दुकानी मशीनवर १,००० पौंडांचा व्यवहार करून दाखवला.

कसं, ते टप्प्यानं सांगते, कारण इथेच सगळे गोंधळतात. फोनजवळ एक छोटं यंत्र धरायचं, ते गेटची हाक मारतं. फोन समजतो गेट आलं, कार्ड बोलायला तयार. हे यंत्र कार्डाचं बोलणं दूरच्या एका अँड्रॉइड फोनकडे पाठवतं, आणि तो फोन खऱ्या दुकानी मशीनवर टेकवलेला असतो. म्हणजे तुमचं कार्ड आणि दुकानाचं मशीन यांच्यात एक लांबलचक अदृश्य तार जोडली गेली.

पण नुसती तार पुरत नाही. दुकानाचं मशीन गेटसारखं बोलत नाही, गेटवर लागणारी ती ऑफलाइन परीक्षा आपण घेतो असं ते सांगत नाही. म्हणून मधला माणूस मशीनच्या बोलण्यातले एक-दोन बिट बदलून ते गेटसारखं दाखवतो. आणि रक्कम मोठी असेल तर मशीनला हवं असतं की मालकाची ओळख फोननं पटवली आहे. फोनच्या उत्तरात तसं नसतं, कारण चेहरा कुणी दाखवलेलाच नाही. मधला माणूस त्या उत्तरातलाही एक बिट पालटतो आणि मशीनला वाटतं की ओळख पटलेली आहे. निनाद, तू म्हणालास की रक्कम लहान म्हणून पडताळणी नाही. फोनच्या बाजूनं तशी मर्यादाच नव्हती, हीच खरी अडचण.

हे त्यांना व्हिसा कार्डावर जमलं. मास्टरकार्डावर नाही. कुलूपबंद फोनमधलं मास्टरकार्ड समोरच्या मशीनचा व्यवसायाचा कोड पाहतं आणि तो प्रवासी वाहतुकीचा नसेल तर बोलायला नकार देतं. म्हणजे हाक फसवी असली तरी दुसरा पहारा आहे. सॅमसंगच्या फोनवर व्हिसा कार्डानं कुलूपबंद अवस्थेत शून्य रकमेचेच व्यवहार होऊ दिले. तिथे पहारा रकमेवर होता.

निनाद_क

मग हे सरळ सरळ अ‍ॅपलचं भोक आहे!

गवती_चहा

अ‍ॅपलनं जाहीर सांगितलं की हा व्हिसाच्या यंत्रणेचा प्रश्न आहे. व्हिसानं सांगितलं की असे तारेचे हल्ले प्रयोगशाळेत बरीच वर्षं दाखवले जात आहेत आणि प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर ते व्यवहार्य नाहीत. माझं स्वतःचं मत विचाराल तर दोघांपैकी एकानं जरी आपल्या बाजूला पहारा बसवला असता तरी पुरलं असतं. फोन शून्याहून मोठी रक्कम नाकारू शकला असता, किंवा कार्ड व्यवसायाचा कोड पाहू शकलं असतं. दोन घरांच्या मधली भिंत कुणी बांधायची, असा हा वाद आहे.

टोकियोकर

इथल्या सुईका या प्रवासी कार्डाबद्दल लिहितो, कारण ही सोय आयफोनवर पहिल्यांदा आली ती इथेच, २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, आयफोन ७ बरोबर. मी तेव्हापासून रोज वापरतो.

इथे पद्धत लंडनच्या उलट आहे. पैसे आधी भरलेले असतात आणि शिल्लक त्या चिपमध्येच राहते, जास्तीत जास्त २०,००० येन. गेट उतरताना तिथल्या तिथे भाडं वजा करून नवी शिल्लक चिपवर लिहितं. सगळं ०.२ सेकंदांत, कारण सकाळच्या शिंजुकूत माणसं चालण्याचा वेग कमी करत नाहीत. निनादचं ‘तिथल्या तिथे कापतात’ हे इथे खरं आहे.

मेघना, तुझ्या प्रश्नाशी याचा संबंध असा. गेटला चिपवर लिहायचं असतं, म्हणून चिप आधी गेटची परीक्षा घेते. दोघांकडे किल्ल्या असतात आणि दोघांनीही एकमेकांना आपण खरे आहोत हे सिद्ध करावं लागतं. खोटी हाक मारून कार्ड जागं करता येईल, पण किल्लीशिवाय त्यातून पैसे निघणार नाहीत. आणि निघालेच तरी शिल्लक असेल तेवढेच.

मात्र ‘न उघडता फक्त गेटवरच’ असं इथे नाही. सुईका कोपऱ्यावरच्या दुकानातही चालते आणि तिथेही फोन चेहरा मागत नाही. फोन हरवला तर चोर त्या शिल्लकीतून जेवण घेऊ शकतो. म्हणून मी कधी फार पैसे भरून ठेवत नाही.

बापूसाहेब_कोथरूड

टोकियोकर, हे वाचून आमच्या मेट्रोच्या एनसीएमसी कार्डाची आठवण झाली. त्यातही शिल्लक कार्डावरच असते ना? मी नातवासाठी घेतलं आहे. टेकवतो आणि जातो, बँकेचा मेसेज वगैरे त्या क्षणी येत नाही.

मेघनाताई, पहिल्यांदा मी तुमचा प्रश्न नीट वाचला नव्हता, क्षमस्व. आता कळलं की मुद्दा फोन कुलूपबंद असण्याचा आहे.

टोकियोकर

हो काका, एनसीएमसीमध्ये प्रवासासाठीची शिल्लक कार्डाच्या चिपवर ठेवण्याची सोय आहे. त्या बाबतीत तुमचं पुण्याचं कार्ड लंडनपेक्षा आमच्या सुईकाच्या जवळचं आहे.

शुभदा_रीडिंग

बॅटरी संपली तर? माझ्या भाचीचा फोन रात्री अकराला पूर्ण बंद पडला होता, तरी तिनं बाहेर पडताना तोच टेकवला आणि गेट उघडलं. मला ती थाप मारते आहे असं वाटलं होतं.

गवती_चहा

भाची खरं बोलते आहे. आयफोन एक्सआर आणि एक्सएसपासून पुढच्या फोनमध्ये ही सोय आहे. बॅटरी ‘संपली’ म्हणून फोन बंद पडतो तेव्हा तिच्यात थोडा अंश शिल्लक राखलेला असतो. मोठी स्क्रीन आणि प्रोसेसर चालवायला तो पुरत नाही, पण एनएफसीची चिप आणि कार्डाची सुरक्षित चिप यांना पुरतो. अ‍ॅपलच्या म्हणण्याप्रमाणे पाच तासांपर्यंत. बाजूचं बटण दाबलं तर रिकाम्या बॅटरीचं चित्र येतं आणि खाली एक्सप्रेस कार्ड अजून वापरता येईल असं लिहिलेलं दिसतं. त्या अवस्थेत टेकवल्यावर स्क्रीनवर काही येत नाही, फक्त थरथर होते.

मात्र फोन तुम्ही स्वतः बंद केलात तर हे चालत नाही. बॅटरी मरणं वेगळं आणि मालकानं झोपवणं वेगळं.

ओंकार_क्रॉयडन

याच्याच उलट मला एकदा झालं. फोन भरलेला, चालू, तरी गेटनं घेतलं नाही आणि फोन चेहरा मागत बसला. रात्री आपोआप अपडेट होऊन फोन पुन्हा सुरू झाला होता आणि सकाळी मी तो एकदाही न उघडता निघालो होतो. पासकोड टाकल्यावर पुढच्या स्पर्शाला नीट चाललं.

गवती_चहा

तेच कारण. पुन्हा सुरू झाल्यावर पहिला पासकोड पडेपर्यंत आगाऊ परवानगी लागू होत नाही. गेटवर फोननं चेहरा मागितला, तर समजायचं की कार्ड बोलायला मोकळं नाही. एक तर एक्सप्रेस कार्ड निवडलेलं नाही, किंवा फोन नुकताच सुरू झालाय. आणि फोननं काही न मागता बरोबरची खूण दाखवली तरी गेट लाल राहिलं, तर फोननं आपलं काम केलं आहे, अडचण त्या क्रमांकाची आहे. मागचं भाडं थकलंय का ते बघायचं.

मेघना_वॉल्थमस्टो

मग माझ्या व्हिसाचं काय करू? गर्दीच्या डब्यात पर्सजवळ कुणी यंत्र धरलं तर...

गवती_चहा

डब्याची भीती मला कमी वाटते. चोराला तुझ्या फोनपासून काही सेंटिमीटरवर ते यंत्र काही सेकंद स्थिर धरायला हवं, त्याच क्षणी त्याचा साथीदार कुठल्यातरी दुकानात मशीनसमोर उभा हवा, आणि मधली तार तुटता कामा नये. शिवाय दुकानाच्या मशीनमागे एक खातं असतं, पैसे तिथे जाऊन थांबतात आणि माग लागतो. तुझा फोनही थरथरेल आणि व्यवहाराची सूचना दाखवेल.

मला भीती वाटते ती चोरलेल्या फोनची. फोन हातात आला की चोराला घाई नाही, फोन कितीही वेळ यंत्रावर ठेवता येतो आणि थरथर तुला जाणवत नाही. संशोधकांनीही हा प्रसंग मांडला होता. म्हणून फोन गेला तर आधी दुसऱ्या उपकरणावरून Find My मध्ये जाऊन तो हरवल्याचं नोंदव. त्यानं फोनमधली कार्डं थांबतात. फोनचा क्रमांक वेगळा असल्यामुळे पाकिटातलं प्लास्टिकचं कार्ड चालू राहतं.

आणि व्हिसाऐवजी मास्टरकार्ड निवडता येत असेल तर मी ते निवडेन. मी स्वतः तसंच केलं आहे.

शुभदा_रीडिंग

मला हे पटत नाही. व्यवहार अमान्य केला तर बँक पैसे परत देतेच. मग एवढा विचार कशाला? ज्याला पास आहे त्यानं बंद करावं, बाकीच्यांनी वापरावं.

गवती_चहा

परत देते, पण तू तक्रार केल्यावर, आणि व्यवहारावर ‘मालकाची ओळख फोननं पटवली’ अशी नोंद असते. ती खोटी आहे हे बँकेला पटवायचं काम तुझ्यावर येतं. मला तो वाद घालायचा नाही, म्हणून मी कार्ड बदललं. तुझा हिशोब वेगळा असू शकतो, त्यात चूक नाही.

निनाद_क

शुभदाताईंशी सहमत. एक प्रयोगशाळेतला प्रयोग, त्यासाठी रोजची सोय का सोडायची?

मेघना_वॉल्थमस्टो

दोन्ही बाजू कळल्या. नवऱ्याकडे मास्टरकार्ड आहे, माझ्या नव्या खात्याचंही आठवडाभरात येणार आहे. ते आल्यावर Express Travel Card मध्ये तेच निवडते.

एक शंका. आठवड्याची मर्यादा प्रत्येक क्रमांकाची वेगळी, असं वर लिहिलंय. मग मधल्या वारी कार्ड बदललं तर माझा अर्धा आठवडा एका क्रमांकावर आणि अर्धा दुसऱ्यावर, आणि मर्यादा कुठेच गाठली जाणार नाही, असंच ना?

ओंकार_क्रॉयडन

असंच. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. रविवारी रात्री बदल, सोमवारच्या पहिल्या स्पर्शाला नवं कार्ड.

मेघना_वॉल्थमस्टो

ठीक. रविवारी रात्री. तोपर्यंत गेटवर फोन उघडूनच टेकवते, एक्सप्रेस आताच None केलं. कार्ड तेच आणि फोनही तोच, म्हणजे क्रमांक बदलणार नाही ना?

गवती_चहा

नाही बदलणार. कार्ड Wallet मधून काढून पुन्हा टाकू नकोस, तेवढं सांभाळ. पुन्हा टाकलंस तर नवा क्रमांक मिळू शकतो.